ग्रेट सर, व्हेरी इनसाइटफुल!

लग्नाच्या रिसेप्शनला स्टेजपुढे रांग लागते. पाकीट हातात द्यायचं, फोटोग्राफरकडे बघून हसायचं आणि पनीरच्या दिशेने उतरायचं. नवरदेवाला दुसऱ्या दिवशी त्यातले किती चेहरे आठवतात? लिंक्डइनवर मोठ्या पदावरच्या माणसाने काही लिहिलं की खाली अशीच रांग दिसते. ‘ग्रेट सर’, ‘व्हेरी इनसाइटफुल’, ‘वेल सेड सर’, मग तीन टाळ्या. यातले निम्मे शब्द तर अ‍ॅपच आयते पुढे करतं, आपण फक्त बोट टेकवायचं. साहेबांना खाली नावं दिसतात, माणूस दिसत नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा, चाकणच्या एका कारखान्याच्या प्लांट हेडनी लिहिलंय की त्यांच्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून पार्ट काढतात त्या विभागात, डाय म्हणजे पार्टचा साचा बदलायला 48 मिनिटं लागायची, ती आता 19 वर आली. बोल्टच्या जागी क्लॅम्प आले, पुढची डाय आधीच ट्रॉलीवर तयार राहू लागली, आणि डाय बसवणाऱ्या सेटरनीच सुचवलं म्हणून पाने-हातोड्यांचा फळा प्रेसजवळ आला. साताऱ्याच्या एमआयडीसीत प्रेस शॉप सांभाळणारा एक तरुण इंजिनिअर हे वाचतोय. त्याला या माणसाशी ओळख व्हावी असं मनापासून वाटतंय. त्याने काय लिहावं?

पहिला मोह टाळ्यांचा. तो त्याने आवरला की दुसरा येतो, आणि तो जास्त घातक. पुस्तक उघडून सेटअपचे अंतर्गत आणि बाह्य असे दोन प्रकार सांगायचे, झटपट डाय-बदलाची पद्धत मांडणाऱ्या जपानी शिगेओ शिंगोंचं नाव घ्यायचं, शेवटी मशीनच्या एकूण कार्यक्षमतेकडे वळून ‘यात ओईईचाही विचार व्हायला हवा’ असा टोला ठेवून द्यायचा. दोनशे शब्द होतात. पण ज्याने 29 मिनिटं खरोखर वाचवली त्याला शिंगो शिकवायला निघालेला माणूस दिसतो कसा? आणि खरं सांगायचं तर हे साहेबांसाठी लिहिलेलंच नसतं, खाली वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी असतं. साहेबांना ते पहिल्या दोन ओळींत कळतं.

आता तिसरा मार्ग. पोस्ट दोनदा वाचायची आणि आपल्या रोजच्या कामाला जे एक वाक्य जाऊन चिकटतं, तेवढंच धरायचं. आपल्या इंजिनिअरच्या बाबतीत ते वाक्य आकड्यांचं आहे. तो लिहितो:

‘सर, 19 मिनिटं मोजताना आधीच्या पार्टचा शेवटचा चांगला पीस ते पुढच्याचा पहिला चांगला पीस असं धरलंय, की डाय बसून क्लॅम्प होईपर्यंत? आमच्याकडे डाय लवकर बसते, पण पहिला पीस पास व्हायला इन्स्पेक्टरची वाट बघण्यात वेळ जातो. तुमच्याकडे तो वेळ कसा कमी केलात?’

संपलं. चाळीसेक शब्द. यात स्तुतीचा शब्द नाही, पण पोस्ट नीट वाचल्याची खूण आहे, आणि कुठल्याही वडीलधाऱ्या माणसाला ती स्तुतीपेक्षा जास्त सुखावते. आपली अडचण त्याने एका वाक्यात सांगितली, गाऱ्हाणं केलं नाही. मुख्य म्हणजे प्रश्न असा आहे की साहेबांना उत्तर ठाऊक आहे आणि ते गाडीत बसल्या बसल्या दोन ओळींत देता येतं. ‘तरुण इंजिनिअरांना काय सल्ला द्याल?’ या प्रश्नाला उत्तर द्यायचं तर निबंध लिहावा लागतो, म्हणून कुणी देत नाही.

आपला ग्राहक कोण, रिजेक्शन किती टक्के, हे मात्र लिहिलेलं नाही, आणि ते मुद्दामच. ही भिंत सार्वजनिक आहे. आपला मॅनेजर आणि ग्राहकाचा क्वालिटीवाला, दोघंही तिथे फिरत असतात. तसंच, पोस्टमध्ये साहेबांचा आकडा चुकलेला दिसला तर तो चारचौघांत दुरुस्त करू नये. मेसेजमध्ये कळवला तर आभार मिळतात; खाली लिहिला तर तुमचं बरोबर असूनही राग मिळतो.

कमेंटच्या वर आपलं नाव आणि त्याखाली ओळखीची ओळ दिसते. तीही पुरी दिसत नाही, पुढचा भाग कापला जातो. तिथे ‘स्वप्नं जगणारा, बदल घडवणारा’ असं असेल तर वरच्या चांगल्या प्रश्नाचीही किंमत उतरते. ‘प्रेस शॉप इंजिनिअर, सातारा’ एवढं असलं की प्रश्न कुठून आला ते लगेच कळतं.

जागाही बघून घ्यावी. जिथे आधीच तीनशे कमेंटी आहेत तिथे तुमची तीनशेएकावी कोण शोधणार? वीस-पंचवीस जण बोलताहेत आणि स्वतः लेखक मधूनमधून उत्तरं देतोय, अशी पोस्ट बरी. काही मोठ्यांचं लिखाण त्यांची जनसंपर्काची माणसं सांभाळतात. ओळखायची खूण सोपी आहे: आधीच्या चार-पाच पोस्टांखाली बघा. सगळ्यांना एकच ‘थँक यू फॉर शेअरिंग’ मिळत असेल तर तिथे प्रश्न वाया जातो. आणि सगळं नीट करूनही बऱ्याचदा उत्तर येत नाहीच. मग खाली ‘सर?’ असं लिहून दार वाजवू नये.

समजा, उत्तर आलं. ‘पहिला चांगला पीस धरूनच 19. शेवटचे 50 पीस उरले की ऑपरेटर प्रेसवर पिवळा झेंडा लावतो. डाय बसेपर्यंत इन्स्पेक्टर गेज घेऊन हजर असतो.’ इथे बहुतेकांचा घोळ होतो. आनंदाच्या भरात त्याच दुपारी कनेक्शनची विनंती जाते, ती स्वीकारली गेली की संध्याकाळी बायोडाटा जातो. ते टाळावं. ‘धन्यवाद सर, झेंडा लावून बघतो’ एवढं लिहून थांबावं आणि झेंडा खरंच लावून बघावा.

म्हणजे काय करायचं? एक पॅड प्रेसला लटकवायचं आणि दहा डाय-बदलांच्या तीन वेळा लिहायच्या: शेवटचा पीस, डाय बसली, पहिला पीस पास. समजा त्यातून निघालं की सरासरी 39 मिनिटांतली 17 नुसती इन्स्पेक्टरची वाट बघण्यात जातात. त्याच्या प्रेसला मिनिटाला दहा स्ट्रोक आहेत, म्हणजे 50 पिसांना झेंडा लावला तर शेवटच्या पिसाच्या पाचच मिनिटं आधी. पण त्याचा इन्स्पेक्टर दुसऱ्या शेडमध्ये बसतो आणि हातातलं काम संपवून निघतो, म्हणून झेंडा दीडशे पिसांना लावावा लागला. वाट बघणं 17 वरून 6 वर आलं.

तीन-चार आठवड्यांनी तो त्याच धाग्याखाली परत येतो, आणि मॅनेजरला आधी विचारून येतो, कारण आकडे कंपनीचे आहेत: ‘सर, तुमचा झेंडा आमच्याकडे 150 पिसांना लावावा लागला, इन्स्पेक्टर लांब बसतो म्हणून. वाट बघणं 11 मिनिटांनी कमी झालं. दुसऱ्या शिफ्टला अजून जमत नाही, तिथे एकच इन्स्पेक्टर दोन शेड बघतो.’ शेकडो जण टाळ्या वाजवून गेले. सांगितलेलं करून बघून, जे जमलं नाही तेही सांगायला परत आलेला बहुधा हा एकटाच.

कनेक्शनची विनंती पाठवायची ती आता. सोबतच्या चिठ्ठीला जागा थोडी असते, पण इथे फार काही लिहायचं उरलेलंही नाही: ‘सर, मी 150 पिसांच्या झेंड्यावाला.’ आणि बहुतेक वेळा त्याच्याही आधी साहेबच विचारतात, ‘दुसऱ्या शिफ्टला ऑपरेटरच्याच हातात गेज दिलं तर?’