पस्तीस की साठ? पीडी-एल१ मोजण्याचा माझा अनुभव

पीडी-एल१ हे पेशींच्या पटलावरचे एक प्रथिन; ते किती कर्कपेशींवर आहे हे पाहून इम्युनोथेरपीचा निर्णय घेतात. आमच्या विकृतिशास्त्र विभागात त्याचे अहवाल माझ्याकडे आले, त्यानंतर महिन्याभरातच एका बायोप्सीने माझी परीक्षा पाहिली. चौसष्ट वर्षांचे गृहस्थ, अ‍ॅडिनोकार्सिनोमा हा फुप्फुसाचा कर्करोग, चौथी अवस्था, आणि हाती सुईने काढलेले दोन बारीक तुकडे.

२२सी३ या प्रतिपिंडाने रंगवलेल्या स्लाइडवर तपकिरी रंग इतका पसरलेला होता की मी मनातल्या मनात साठ टक्के लिहून मोकळी झाले. सोबत रंगवलेले टॉन्सिलही व्यवस्थित रंगले होते, तेव्हा रंगप्रक्रियेत दोष नव्हता. अहवालावर सही करण्यापूर्वी आमच्या मॅडमनी एवढेच विचारले, "रंगलेल्या सगळ्या पेशी ट्यूमरच्याच आहेत ना गं?"

मी ते तपासलेच नव्हते. टीपीएस या गुणांकात फक्त जिवंत कर्कपेशी मोजतात आणि त्यांपैकी किती टक्के पेशींच्या पटलावर रंग आहे ते पाहतात. रंग फिका असला किंवा पटलाचा काहीच भाग रंगलेला असला तरी ती पेशी धरायची, पण नुसते पेशीद्रव्य रंगले असेल तर ती सोडायची. अडचण अशी की मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशीही पीडी-एल१ने छान रंगतात, आणि त्या वायुकोशांत कर्कपेशींच्या अगदी शेजारी घोळक्याने बसलेल्या असतात.

मग नेहमीच्या हिमॅटॉक्सिलिन-इओसिनची स्लाइड शेजारी ठेवली आणि मॅक्रोफेज ओळखण्यासाठी सीडी६८चा रंग करून घेतला. एका तुकड्यातला जवळजवळ सगळा गडद भाग मॅक्रोफेजचा निघाला. मृत ऊतीचा भाग वगळून २४० कर्कपेशी मोजल्या. किमान शंभर लागतात, म्हणजे नमुना पुरेसा होता. त्यांतल्या ८४ पेशींचे पटल रंगलेले होते. गुणांक पस्तीस.

साठ आणि पस्तीस यांच्यामध्ये पन्नासची रेषा आहे. २०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या कीनोट-०२४ चाचणीत पन्नास किंवा अधिक गुणांकाच्या रुग्णांना पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचे औषध एकटे केमोथेरपीपेक्षा सरस ठरले होते. त्याखाली मात्र प्रकृती झेपणारी असेल तर ते सहसा केमोसोबत देतात. माझा पहिला अंदाज गेला असता, तर या गृहस्थांची केमो कदाचित वगळली गेली असती.

त्यांच्या डॉक्टरांना तेवढ्यावर निर्णय घ्यायचा नव्हता. ईजीएफआर आणि एएलके या जनुकांतल्या बदलांचे अहवाल येईपर्यंत ते थांबले, कारण ईजीएफआर बदल असलेल्या ट्यूमरमध्ये गुणांक जास्त असूनही इम्युनोथेरपीचा फायदा बहुधा कमीच होतो, आणि ती आधी देऊन लगेच ओसिमर्टिनिब हे ईजीएफआरवरचे औषध दिल्यास फुप्फुसाला सूज येण्याचा धोका वाढतो. दोन्ही अहवाल निगेटिव्ह आले आणि पेमेट्रेक्सेड व कार्बोप्लाटिन ही केमो आणि सोबत पेम्ब्रोलिझुमॅब असा उपचार ठरला.

माझ्या अहवालात मी मोजलेल्या पेशींची संख्या, मॅक्रोफेज वगळल्याची नोंद आणि एवढ्या छोट्या तुकड्यातला आकडा संपूर्ण गाठीला लागू होईलच असे नाही, हे वाक्य लिहिले.