आमची वाटचाल: बेडशीटवरचा आकडा आणि वजनकाटा

इचलकरंजीत रुंद पन्ह्याच्या रेपिअर मागांवर आम्ही फक्त बेडशीटचं कापड विणतो. ४० काउंटचं कोंब्ड सुती सूत, इंचात ताण्याचे म्हणजे उभे ११० धागे, बाण्याचे म्हणजे आडवे ९०, बेरीज २००. लेबलवर आम्ही पहिल्यापासून हीच बेरीज छापत आलो आणि याच २०० ने आमची फर्म बंद पडण्याच्या काठावर नेली.

पुण्या-मुंबईच्या दुकानांत आमच्या गठ्ठ्यांशेजारी दुसऱ्या एका व्यापाऱ्याचा माल येऊन बसला. त्यावर ठळक १००० आणि भाव आमच्यापेक्षा कमी. गिऱ्हाईक दोन्ही लेबलं वाचायचं आणि १००० घेऊन जायचं. दुकानदार आम्हाला सांगू लागले, ‘तुम्हीही निदान ६०० तरी लिहा, कोण मोजायला बसलंय?’ आम्ही लिहिलं नाही. ऑर्डरी तुटल्या, ग्रे म्हणजे न धुतलेल्या, कोऱ्या कापडाच्या गाठी गोदामात पडून राहिल्या, सुताच्या व्यापाऱ्याची उधारी वाढली आणि अर्धे माग थांबले. ते दिवस आम्ही विसरलेलो नाही. ‘१०००’ लिहिलेली एक चादर मात्र आम्ही विकत आणली आणि टेबलावर पसरली. पुढे जे सापडलं ते घरच्या काट्यावर कोणालाही तपासता येईल.

मागवाल्यांना हे पाठ असतं, तरी इतरांसाठी सांगतो. काउंट जितका मोठा तितकं सूत बारीक. ताणा-बाण्याची बेरीज भागिले काउंट गुणिले २५ केलं, की एका चौरस मीटरचं वजन ग्रॅममध्ये जवळपास मिळतं. विणताना सूत नागमोडी जातं आणि थोडं जास्त लागतं, ते या २५ मध्ये धरलेलं आहे. आमची चादर घ्या: २०० भागिले ४० म्हणजे ५, गुणिले २५ म्हणजे १२५ ग्रॅम. आता ६० काउंटचं सूत घेऊन ३०० धागे विणा. उत्तर पुन्हा १२५ येतं. धागे वाढले, पण तितकेच बारीकही झाले. म्हणून ३०० ची चादर २०० च्या चादरीपेक्षा दीडपट भरीव नसते. पोत नितळ येतो एवढंच, आणि तोही सूत चांगलं असेल तर.

‘१०००’ ची ती चादर १०८ बाय १०८ इंची होती, म्हणजे साधारण साडेसात चौरस मीटर. काट्यावर ती ९४० ग्रॅम भरली. चौरस मीटरला पुन्हा सव्वाशेच. सव्वाशे ग्रॅममध्ये १००० धागे खरोखर बसवायचे तर सूत सरासरी २०० काउंटचं लागेल. इतकं बारीक सुती सूत त्या भावाच्या चादरीत येणं शक्यच नाही. तेच १००० धागे १०० काउंटच्या सुताने विणले असते, तर चादर पावणेदोन किलोच्या वर गेली असती.

मग पिक ग्लास लावली. पितळेचं ते एक इंची घडीचं भिंग आमच्याकडे माग सांभाळणाऱ्या प्रत्येक जॉबरच्या खिशात असतं. सुईच्या टोकाने एकेक धागा सरकवत मोजलं: ताणा १५०, बाणा ११०, बेरीज २६०. कडेचा एक धागा ओढून पीळ उलगडला, तर आत एकत्र पिळलेले दोन-चार पदर नव्हतेच, लांबच लांब गुळगुळीत तंतूंचा जुडगा होता. धागा ज्योतीवर धरला. सुती धागा जळलेल्या कागदासारखा वास देतो आणि मऊ राख सोडतो. हा आकसला, वितळला आणि टोकाला काळा कडक मणी राहिला. सगळं पॉलिस्टर. २६० चे १००० कसे झाले ते त्या व्यापाऱ्यालाच ठाऊक. २६० ला ४ ने गुणलं की १०४० होतात आणि आकडा जवळपास जमतो, पण गुणायला पदर तरी असायला हवेत.

सुती मालात पदर मोजून आकडा फुगवायची रीत जुनी आहे. दोन पदरांचा धागा दोन म्हणून मोजायचा आणि ३०० चे ६०० करायचे. चाचणीच्या प्रमाणित पद्धतीत पीळ दिलेला धागा, त्यात पदर कितीही असोत, एकच मोजतात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननेही २००५ मध्ये पदर मोजून सांगितलेला आकडा ग्राहकाची दिशाभूल करू शकतो असं कळवलं होतं. दोन पदरी सुतात मुळात काही वाईट नाही, ते मजबूत आणि एकसारखं असतं. वाईट आहे ते मोजणं.

दुसरी रीत अधिक त्रासाची. ताणा उघडला की एकाऐवजी चार-सहा अतिबारीक बाणे एकदम शेजारी शेजारी आत सोडतात. ते मोजताना वेगळे धागे म्हणून दाखवता येतात. पण त्यांच्यामध्ये ताण्याची पकड नसते, म्हणून ते सुटे सरकतात, घासतात आणि एकेक तुटत जातात. अशी चादर दुकानात मऊ लागते आणि खांद्याखाली, कमरेखाली आधी विरते. शंका आली तर कडेचे आडवे धागे एकेक काढून बघा. एका धाग्याच्या जागेवरून एकमेकांना न पिळलेले अनेक सुटे धागे निघाले, तर हीच रीत वापरली आहे असं समजा.

आमचे माग पुन्हा चालू झाले ते महाबळेश्वरच्या एका लॉजमालकांमुळे. त्यांनी लेबल वाचलंच नाही. त्यांच्याकडे चादर गरम पाण्यात, ब्लीचमध्ये धुतली जाते आणि पावसाळ्यात ड्रायरमध्ये सुकते. त्यांनी आमच्या काही चादरी आणि ‘१०००’ वाल्या काही एकत्र धुवायला लावल्या. पॉलिस्टरच्या चादरी फाटल्या नाहीत, पण तुटलेल्या तंतूंच्या बारीक गोळ्यांची बोंडं त्यांच्यावर आली. घाम शोषत नाहीत म्हणून पाहुण्यांच्या तक्रारीही आल्या. आमच्या चादरी धुण्यागणिक मऊ होत गेल्या. ते आजही आमच्याकडूनच घेतात, आणि भाव करत नाहीत.

चादरीचा जीव कापसाच्या तंतूच्या लांबीत असतो. तंतू लांब असला की सुतातून टोकं कमी बाहेर येतात, आणि बोंडं धरतात ती याच टोकांना. कोंबिंगमध्ये आखूड तंतू विंचरून काढले जातात. त्यात कापसाचं वजन घटतं, म्हणून कोंब्ड सूत महाग पडतं. त्यानंतर विणकाम. एकाआड एक साधी वीण म्हणजे पर्केल: कडक, हवेशीर, टिकाऊ. सॅटिनमध्ये धागा चार धाग्यांवरून तरंगत जातो, त्यामुळे चमक आणि मऊपणा येतो, पण तोच उघडा धागा घासला जातो. कोकणात राहणाऱ्यांनी पर्केल घ्यावी, घामाला ती बरी.

दुकानात हात फिरवून निवडू नका. तो मऊपणा बहुतेकदा सिलिकॉनच्या फिनिशचा असतो आणि काही धुण्यांत उतरतो. स्वस्त मालात खळही भरलेली असते. चादरीचा कोपरा काळ्या कागदावर जोरात चोळा, पांढरी भुकटी पडली तर तुम्ही खळीचे पैसे देत आहात. दुकानदाराला सुताचा काउंट विचारा आणि चादर काट्यावर ठेवायला सांगा. वर दिलेला भागाकार तिथेच करता येतो. सॅन्फोराइझ न केलेली, म्हणजे कापड आधीच यंत्रावर आटवून न घेतलेली चादर आटते, म्हणून गादीच्या चारही बाजूंनी आत खोचायला पुरेसं कापड धरून माप घ्या आणि पहिलं धुणं गार पाण्यात काढा.