लग्नाच्या दहाव्या वाढदिवशी नवऱ्याशी बोलताना

आमच्या लग्नाला दहा वर्षे झाली तेव्हा पुण्यातल्या घराच्या गच्चीवर तीसेक मित्रमैत्रिणींना जेवायला बोलावले होते आणि जेवणाआधी नवऱ्याला उद्देशून चार शब्द बोलायचे मी ठरवले होते. पहिला मसुदा मोठ्याने वाचला तर नऊ मिनिटे लागली. ओळख, लग्न, पहिले घर, मुलीचा जन्म असे सारे त्यात क्रमाने होते आणि प्रत्येक वाक्यात नवरा ‘तो’ होता, त्यामुळे समोर बसणाऱ्या माणसाचा जणू सत्कारच चालला आहे असे वाटत होते.

मी ‘तो’च्या जागी ‘तू’ घातले आणि निम्मा मजकूर आपोआप गळला, कारण ज्या गोष्टी त्याला माहीतच होत्या त्या त्यालाच सांगण्यात अर्थ नव्हता. उरला तो एक प्रसंग. माझे वडील पक्षाघाताने तेवीस दिवस रुग्णालयात होते, तेव्हा रात्रपाळी नवऱ्याने घेतली होती आणि रोज सकाळी घरी येण्याआधी तो त्यांची दाढी करत असे. हे मला आईकडून फार उशिरा कळले आणि त्याबद्दल मी त्याच्याशी कधीच बोलले नव्हते. मित्रांना त्यातले काहीच ठाऊक नसल्याने त्यांच्यासाठी सुरुवातीला दोनच वाक्ये ठेवली, पुढचे सगळे त्याच्याशी. सांगण्यापूर्वी आईची परवानगी घेतली.

त्याची नोकरी गेली त्या वर्षाचाही एक परिच्छेद होता. तो मी कौतुकानेच लिहिला होता, पण नणंदेला वाचून दाखवल्यावर तिने विचारले, “वहिनी, हे त्याला सगळ्यांसमोर ऐकायला आवडेल का?” मी तो काढून टाकला. तो खासगीत सांगायचा होता, आणि त्याच रात्री सांगितलाही.

भाषेनेही अडवले. कागदावर ‘तू मला न सांगता हे सर्व केले आहेस’ असे होते. घरात मी त्याच्याशी असे कधीच बोलत नाही, म्हणून ते ‘तू हे सगळं मला न सांगता केलंस’ असे केले आणि वाचताना जीभ अडखळायची थांबली. सरावात दाढीच्या वाक्याशी गळा दर वेळी दाटून येई. ते लांब वाक्य मी तोडले, ‘बाबांची दाढी तू करायचास’ एवढेच ठेवले आणि त्यानंतर कागदावर थांबण्याची खूण केली.

प्रत्यक्षात भाषण चार मिनिटांत झाले. सुरुवातीला मित्रांकडे पाहिले, मग त्याच्याकडे वळले आणि पुन्हा मान वळवली नाही. खुणेपाशी थांबले तेव्हा गच्चीवर कोणीच बोलत नव्हते. तो खाली पाहत होता. मी शेवटचे वाक्य म्हटले, “तेव्हा म्हणायचं राहून गेलं, आज म्हणते, बाबांना तू सांभाळलंस.” नंतर मी कागद घडी करून त्याच्या हातात दिला आणि त्याच्या शेजारी जाऊन बसले.