साहेबांच्या टेबलावर अडकलेलं बिल

तुम्ही विचारलंत: "प्रॉडक्शनच्या साहेबांकडे माल पुरवणाऱ्या पार्टीचं बिल महिनाभर पडून आहे. ते पास करत नाहीत तोवर मला पेमेंट लावता येत नाही. ते माझ्यापेक्षा बरेच सिनियर आहेत. त्यांना वाईट न वाटता मेल कसा लिहायचा?"

शब्दांकडे नंतर वळू, आधी तारखा काढा. पार्टीचं उद्यम सर्टिफिकेट उघडून बघा. ती सूक्ष्म किंवा लघु उद्योगात मोडत असेल आणि स्वतः माल बनवत असेल, तर 2006 च्या एमएसएमईडी कायद्याची मुदत लागू होते. लेखी करार नसेल तर 15 दिवस आणि करार असेल तर त्यात ठरलेले, पण जास्तीत जास्त 45. करारात 60 किंवा 90 दिवस लिहिले असले तरी 45 च्या पुढे जाता येत नाही. मध्यम उद्योगाला हे संरक्षण नाही, म्हणून सर्टिफिकेटवरचा वर्ग वाचल्याशिवाय मेलमध्ये कायद्याचं नाव काढू नका.

साहेबांना बहुधा माहीत नसते ती गोष्ट अशी, की हे दिवस त्यांनी बिल पास केल्यापासून मोजायचे नसतात. माल पोचल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर माल आला त्याच दिवशी स्वीकारला असं कायदा धरतो. हरकत वेळेत घेतली, तर पार्टीने ती दूर केल्याच्या दिवसापासून मोजणी सुरू होते. म्हणजे बिल नुसतं टेबलावर ठेवल्याने दिवस थांबत नाहीत. वेळेत कळवलेली लेखी हरकतच ते थांबवते.

आता एक हिशेब मांडू. ब्रॅकेटचे 6,000 नग, जीएसटीसकट 80 रुपये नग, बिल 4,80,000 रुपयांचं. माल 3 नोव्हेंबर 2025 ला आला, माल मिळाल्याची नोंद म्हणजे जीआरएन त्याच दिवशी झाला. करार 45 दिवसांचा, लेखी हरकत नाही. मुदत संपते 18 डिसेंबरला. कंपनीचं पेमेंट दर गुरुवारी सुटतं आणि 18 ला गुरुवारच आहे. त्या यादीत नाव यायला मंगळवारी, 16 तारखेला यादी बंद होण्याआधी बिल हातात हवं. खरेदीची ऑर्डर म्हणजे पीओ, जीआरएन आणि बिल जुळवायला एक दिवस धरा, म्हणजे सोमवार त्यात गेला. मधले शनिवार-रविवार सोडले की मागायची तारीख निघते शुक्रवार, 12 डिसेंबर. मेलमध्ये हीच तारीख लिहायची, 18 नव्हे. 18 लिहिली की साहेब 18 ला संध्याकाळी सही करतात, आणि त्यात त्यांची काही चूक नसते.

उशिराची किंमत सांगताना मोह आवरा. व्याज रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने लागतं. बँक रेट 5.50 टक्के धरला तर वर्षाला 16.5 टक्के. या बिलावर तो आकडा महिन्याला 6,600 रुपये होतो. 18 चं पेमेंट हुकलं आणि 25 ला नाताळची सुट्टी म्हणून ते 26 ला गेलं, तर 8 दिवसांचे सुमारे 1,740 रुपये. हे व्याज आयकरात खर्च म्हणून वजाही होत नाही. तरीही 1,740 रुपयांसाठी कुणी प्रॉडक्शनचा साहेब खुर्चीवरून उठत नाही. मुदतीत पैसे न दिल्यास खर्चाची वजावट अडवणाऱ्या आयकराच्या 43बी(एच) कलमाची भीतीही इथे दाखवू नका. मुदत हुकली तरी पैसे 31 मार्चच्या आत गेले, तर खर्चाची वजावट त्याच वर्षी मिळते. ती कलमाची गोष्ट फेब्रुवारी-मार्चमध्ये आलेल्या मालासाठी राखून ठेवा. तिथे मुदत 31 मार्चच्या पुढे जाऊ शकते आणि ती हुकली की सगळी वजावट पुढच्या वर्षावर जाते.

साहेबांना लागणारी किंमत त्यांच्याच लाइनवर शोधा. समजा पार्टीने कळवलंय, की पहिलं बिल चुकतं झाल्याशिवाय पुढचे 4,000 नग निघणार नाहीत, आणि स्टोअरमधला साठा 27 डिसेंबरपर्यंतच पुरतो. पैसे 18 ला गेले तर माल 22 पर्यंत येऊन तपासणीही वेळेत होते. 26 ला गेले तर माल येतो 29 किंवा 30 ला, आणि तोवर लाइन रिकामी. साठ्याची तारीख स्टोअरकडून स्वतः पडताळून घ्या. एक आकडा चुकला तर साहेब त्याच्यावरच बोलतील आणि बिल तिथेच राहील.

बिल अडकण्यामागे आळस क्वचितच असतो. बहुतेक वेळा काही नग रिजेक्ट झालेले असतात आणि पुढे काय करायचं हे ठरत नसतं. म्हणून मेलमध्ये त्यांना दुसरी वाट द्या. 300 नग खराब असतील तर 24,000 रुपयांची डेबिट नोट काढून उरलेले 4,56,000 सोडता येतात. या टप्प्यावर रिजेक्शनची तक्रार करता येते, फक्त मुदत थांबवायची संधी 18 नोव्हेंबरलाच गेलेली असते. खरं तर पहिली आठवण माल आल्यापासून बाराव्या दिवशीच जायला हवी, आणि तेव्हा विचारायचं ते एवढंच: "हरकत आहे का?"

मेल असा:

"विषय: बिल क्र. 117, शुक्रवार 12 डिसेंबरपर्यंत मंजुरीसाठी

सर, नमस्कार.
ब्रॅकेटचं 4,80,000 रुपयांचं बिल आपल्या मंजुरीसाठी आहे. माल 3 नोव्हेंबरला आला, त्यामुळे पेमेंटची मुदत 18 डिसेंबरला संपते. 18 च्या यादीत घ्यायचं तर मंजुरी शुक्रवार, 12 तारखेला दुपारी 3 पर्यंत मिळावी. ते पेमेंट हुकलं तर पुढचं 26 ला जाईल. पुढचा लॉट पार्टीने पेमेंटवर थांबवला आहे आणि स्टोअरच्या म्हणण्यानुसार साठा 27 पर्यंतच पुरेल.
रिजेक्शन असेल तर फक्त नग कळवा, तेवढ्याची डेबिट नोट मी तयार करतो. बिल, जीआरएन आणि पीओ सोबत जोडले आहेत. काही अडचण असेल तर बुधवारी सकाळी भेटायला येऊ का?"

यात "आपण अजून मंजुरी दिली नाही" असं वाक्य कुठेही नाही. "बिल आपल्या मंजुरीसाठी आहे" म्हटलं की अर्थ तोच राहतो, पण बोट कुणाकडे जात नाही. "लवकरात लवकर" गाळा, कारण त्याला तारीख नसते. "गैरसमज नसावा" तर नकोच, ते वाचूनच माणूस गैरसमज शोधू लागतो. विषयात "रिमाइंडर 3" लिहिणं म्हणजे चारचौघांत मोजणी करणं, आणि पहिल्याच मेलला त्यांच्या वरिष्ठांना सीसीत घेणं त्याहून वाईट.

मेल मंगळवारी, 9 तारखेला सकाळी पाठवा आणि बुधवारी खरंच जा. हातात छापलेलं बिल असू द्या, कारण सिस्टिममधल्या चाळीस नोंदींत तुमचं बिल शोधायला त्यांना वेळ नसतो. ते दौऱ्यावर असतील तर त्यांच्या जागी सही करायचा अधिकार कुणाला आहे ते कंपनीच्या अधिकारपत्रकात बघा आणि त्यांनाच विचारा, "सर, यांच्याकडून करून घेऊ का?" शुक्रवारी 3 वाजले तरी काही आलं नाही, तर तुमच्या साहेबांना सांगा आणि दोघांना मिळून एकच ओळ जाऊ द्या: "117 क्रमांकाचं बिल 18 च्या यादीत घेता येत नाही, पुढचं पेमेंट 26 ला." सही आली, तर 18 ला पैसे सुटल्यावर बँकेचा व्यवहार क्रमांक म्हणजे यूटीआर नंबर त्यांना कळवा, म्हणजे पार्टीचा फोन त्यांच्याकडे आला तरी उत्तर तयार असेल.