तुम्ही विचारलंत म्हणून: बॅनवर अपील

«लेकराचं गेमचं खातं चीटिंग केलं म्हणून बॅन झालंय. त्यानं काहीच केलं नाही म्हणतो. अपील कसं लिहायचं?»

आधी मोबाइल रीसेट मारू नका. घाबरून बहुतेक जण तेच करतात आणि कामाच्या नोंदी हातानं पुसून टाकतात. बॅनचा पूर्ण स्क्रीनशॉट घ्या. त्यात खेळाडूचा आयडी, कारण आणि तारीख-वेळ दिसली पाहिजे.

मग कारण नीट वाचा. इतर खेळाडूंच्या तक्रारीवरून बॅन असेल, तर त्या मॅचचं न कापलेलं रेकॉर्डिंग उपयोगी पडतं. कारण ‘अनधिकृत सॉफ्टवेअर’ असेल, तर दोष खेळण्यात नाही, फोनमधल्या फाइलींत किंवा चालू ॲपमध्ये सापडलेला असतो. तिथं हेडशॉटचे व्हिडिओ पाठवून काही साधत नाही. ग्राफिक्स वाढवायचं एखादं ‘टूल’ही त्यात धरलं जाऊ शकतं, हे पोरांना सहसा ठाऊक नसतं.

वेळेचा घोळ फार होतो. समजा, परभणीच्या मुलाला आलेल्या मेलमध्ये १४ मार्च, 23:40 UTC असं आहे. तो म्हणणार, १४ च्या रात्री मी खेळतच होतो. पण UTC ही जागतिक प्रमाणवेळ, आपली वेळ तिच्याहून साडेपाच तास पुढं. म्हणजे १५ मार्चची पहाट, ५:१०. आता गुगल खात्याच्या सुरक्षा विभागात Your devices उघडा. तिथं त्या पहाटे अनोळखी फोन दिसला, नवीन लॉगिनचा मेलही आलेला असला, तर प्रश्न चीटिंगचा राहत नाही, खातं दुसऱ्याच्या हाती गेल्याचा होतो. दोन्हीचे स्क्रीनशॉट काढा आणि पासवर्ड लगेच बदला. तरीही कंपनी ऐकेलच असं नाही. खात्याची जबाबदारी खातेदाराची, असं नियमांत बहुधा लिहिलेलं असतं.

त्याच नियमामुळं ‘चुलतभावानं टाकलं होतं’ हे वाक्य बचाव नाही, कबुली ठरतं. तसं खरंच घडलं असेल तर लपवू नका. ॲपचं नाव, टाकल्याची आणि काढल्याची तारीख सांगा आणि बॅनची मुदत कमी करण्याची विनंती करा.

अपील साध्या इंग्रजीत, सहा-सात ओळींचं पुरे. आयडी, बॅनची वेळ, दिलेलं कारण, त्या वेळी काय चालू होतं, सोबत काय जोडलंय आणि ‘कृपया माणसाकडून पुन्हा तपासणी व्हावी’ ही मागणी. चित्रांना १, २, ३ असे क्रमांक द्या आणि मजकुरात तेच क्रमांक लिहा. शिव्या, कोर्टाची धमकी, ‘किती पैसे घातले’ यातलं काही तपासणाऱ्याच्या कामाचं नाही. आज फोन स्वच्छ आहे हे दाखवणंही लंगडंच, कारण ॲप काल काढलेलं असू शकतं.

एकच तक्रार टाका. रोज नवी टाकली की जुनीचा धागा तुटतो. साचेबंद नकार आला तर त्याच धाग्यात, नवा पुरावा असेल तरच एकदा उत्तर द्या. आणि ‘अनबॅन करून देतो’ म्हणून ओटीपी मागणाऱ्याचा नंबर ब्लॉक करून मोकळं व्हा.