नेरूळची जागा सोडताना : अर्ध्या महिन्याच्या भाड्याचा हिशेब

नेरूळमधली वन बीएचके मी 12 मार्चला सोडली. मार्चचे पूर्ण भाडे, 24,800 रुपये, नेहमीप्रमाणे 5 तारखेलाच भरून झाले होते. एक महिन्याची नोटीस मी करारानुसार दिली होती आणि मुदत मार्चच्या मध्येच संपत असल्यामुळे उरलेल्या दिवसांचे भाडे परत मिळणार, याबद्दल घरमालक काकांशी वाद नव्हता. नोटीस न देता मी निघालो असतो, तर उरलेले दिवस बहुधा नोटिशीतच वळते झाले असते. आमच्या इंग्रजी लिव्ह अँड लायसन्स करारात परतावा ‘प्रो राटा’ द्यावा एवढेच लिहिले होते. मूळ लॅटिन असलेल्या या शब्दांचा अर्थ ‘प्रमाणात’ असा आहे; इथे प्रमाण दिवसांचे, म्हणजे जागा जितके दिवस माझ्या ताब्यात तितक्याच दिवसांचे भाडे माझ्याकडे. मात्र महिना किती दिवसांचा धरायचा, हे करार सांगत नव्हता.

काकांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या हिशेबात परतावा 14,400 रुपये होता. त्यांनी 24,800 ला 31 ने भागून रोजचा दर 800 रुपये काढला होता, तो बरोबरच होता. पण उरलेले दिवस मोजताना ‘महिना तीसचाच धरायचा असतो’ म्हणून 30 मधून 12 वजा करून 18 दिवस धरले होते. आकडा डोळ्यांना खटकत नव्हता, म्हणून मी उलट बाजूने बेरीज करून पाहिली. मी राहिलो त्या 12 दिवसांचे 9,600 आणि परताव्याचे 14,400 मिळून 24,000 होतात. उरलेले 800 रुपये हिशेबात कुठेच नव्हते, म्हणजे ते काकांकडेच राहत होते. दर 31 चा आणि दिवस 30 चे, अशी सरमिसळ झाली की एक दिवस हिशेबातून गळतो.

मी फोन करून म्हटले, “काका, तीसचाच महिना धरायचा असेल तर दरही तीसचा धरा.” तसे केले तर दर सुमारे 826 रुपये 67 पैसे होतो आणि 18 दिवसांचे 14,880 रुपये येतात, दोन्हीकडे 31 धरले तर 19 दिवसांचे 15,200. दोन्ही रीती आपापल्या जागी सुसंगत आहेत, फरक 320 रुपयांचा. करार गप्प असताना प्रत्यक्ष दिवस मोजावेत, असा माझा आग्रह होता आणि काकांनी तो मानला. किल्ली मी संध्याकाळी सहाला दिली असल्यामुळे 12 तारीख माझ्या खात्यात धरण्याला मात्र माझी हरकत नव्हती. सकाळी दिली असती तर कदाचित घासाघीस केली असती.

विजेच्या बिलाला त्यांनी हाच नियम लावायला घेतला, तेव्हा मी किल्ली देतानाच्या मीटर रीडिंगचा फोटो पाठवला, कारण युनिट मीटरवर दिसत असताना ते दिवसांवर वाटण्यात अर्थ नव्हता. तेवढ्या युनिटांची रक्कम डिपॉझिटमधून कापली गेली आणि भाड्याचे 15,200 रुपये वेगळे जमा झाले.