सूरह रहमान : वाचनाची नोंद, आयत 31 ते 45

मंडळी, कोल्हापुरातल्या आमच्या बैठकीत या खेपेस कुराणातल्या सूरह रहमानचा मधला, इशाऱ्यांचा भाग घेतला. सूरहच्या 78 आयतींपैकी 31 आयती म्हणजे एकच प्रश्न : ‘मग तुम्ही दोघे आपल्या पालनकर्त्याच्या कोणकोणत्या कृपा नाकाराल?’ दोघे म्हणजे माणूस आणि जिन्न.

सूर्य-चंद्र, धान्य, मोती, समुद्रातली जहाजं यांच्यामागून हा प्रश्न आला की तो लगेच पटतो. अडतं ते 35व्या आयतीशी. ‘तुमच्यावर आगीच्या ज्वाळा सोडल्या जातील, तुम्हाला बचाव करता येणार नाही,’ आणि पाठोपाठ तोच प्रश्न! बैठकीतल्या एका मुलानं विचारलंच, “चाचा, आगीत कृपा कसली?”

यावर मला सगळ्यात पटलं ते भाष्यकार इब्न कसीर यांचं म्हणणं. 45व्या आयतीशी ते सांगतात की अपराध्याला शिक्षा आणि सदाचाऱ्याला सुख, हा ईश्वराचा न्याय आणि अनुग्रहच आहे. शिवाय शिक्षेची आगाऊ ताकीद मिळाली की माणूस वाईटापासून मागं फिरतो. म्हणजे ज्वाळा हे वरदान नव्हे, त्या अंगावर येण्याआधी मिळालेली खबर हे वरदान. घाटात दरड कोसळलेल्या वळणाआधी कुणी हात करून गाडी थांबवावी, तसं.

इथून पुनरुक्तीचाही उलगडा होतो. आपल्याला भजनातल्या पालुपदाची सवय, म्हणून कानाला हेही तसंच वाटतं. पण जुने विद्वान सुयूती आपल्या ‘इत्कान’ या ग्रंथात म्हणतात की इथला प्रत्येक प्रश्न आपल्या अगदी आधीच्या मजकुराला जोडलेला आहे; नुसता जोर देण्यासाठी असता, तर तीनदा म्हणून थांबला असता. इब्न कुतैबा याला अरबी बोलण्याची रीत म्हणतात : तू गरीब होतास, मी तुला सावरलं, हे नाकारतोस? तू उघडा होतास, मी तुला वस्त्र दिलं, हे नाकारतोस? प्रश्न तोच, उपकार दर वेळी वेगळा.

काही भाष्यकार या 31 प्रश्नांची विभागणीही देतात : सृष्टीसाठी आठ, नरकाच्या इशाऱ्यांसाठी सात, स्वर्गातल्या पहिल्या दोन बागांसाठी आठ, नंतरच्या दोन बागांसाठी आठ. आयती मोजून पाहिल्या, हिशेब चोख बसतो. नरकाचे दरवाजे सात, स्वर्गाचे आठ, हा संबंध मात्र भाष्यकारांनी जोडलेला आहे. सूरहमध्ये तसं म्हटलेलं नाही.

पाठ करणाऱ्यांना ही विभागणी फार उपयोगी. 56व्या आयतीचा शेवट आणि अख्खी 74वी आयत शब्दन्‌शब्द एक आहेत, आणि दोन्हींपुढं हाच प्रश्न. 57 म्हणून झाल्यावर जीभ थेट 76वर, हिरव्या गाद्यांवर गेली, तर नंतरच्या दोन बागा राहूनच जातात. 57पुढं माणिक-पोवळ्यांची आयत यायला हवी. पुढच्या बैठकीत 46पासून सुरुवात. आपण पहिल्या बागांत आहोत की दुसऱ्या, हे प्रत्येकानं म्हणताना मनात धरावं.